दोरीची निम्मी जाडी

बाईजाच्या घरात विकतची दोरी शिरत नाही, हे टोकावड्याच्या अलीकडच्या त्या पाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. प्लॅस्टिकची पिवळी दोरी बाजारात मिळते, स्वस्त मिळते, पावसात कुजत नाही, हे तिला दहा जणांनी सांगून झालं. तिने ऐकून घेतलं आणि बांधावर पुन्हा अंबाडी लावली. भात झोडून झालं की अंबाडी कापायची, ओढ्याच्या डोहात भिजत घालायची, सोलून वाख काढायचा आणि ओसरीवर बसून मांडीवर पीळ द्यायचा, हा तिचा वर्षाचा नेम. घरात नवीन काही आलं, मग ती म्हैस असो, विळा असो की पाळणा, त्याला पहिली दोरी घरचीच लागायची. परक्याच्या दोरीने नवी वस्तू बांधली की ती घराला लागत नाही, असं तिची सासू म्हणायची आणि आता ती म्हणते.

तिची लेक संजीवनी कल्याणच्या कॉलेजात शिकायला निघाली तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेलाही अशीच दोरी बांधली होती. पोरीला लाज वाटली. एसटी स्टँडवर सगळ्यांच्या बॅगा चेनवाल्या आणि हिच्या ट्रंकेला गुरांचं दावं! पण दोरी सोडायची तिची छाती झाली नाही, कारण आई अजून स्टँडवर उभी होती.

त्याच संजीवनीची ही गोष्ट. आता ती मुरबाडजवळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. चाळिशी ओलांडली आहे, चष्मा आला आहे, पण हट्ट काही कमी झालेला नाही. हट्ट आईकडून आला, यात कुणाला शंका नको. आईचा हट्ट दोरीवर आणि लेकीचा रीडिंगवर, एवढाच काय तो फरक.

रीडिंगचं प्रकरण जुनं होतं. कल्याणला शिकताना प्रयोगशाळेत एक फ्लायव्हील होतं. फ्लायव्हील म्हणजे आडव्या दांड्यावर बसवलेलं जड चाक. दांड्याला दोरा गुंडाळायचा, दोऱ्याच्या टोकाला वजन टांगायचं आणि सोडून द्यायचं. वजन खाली जातं, दोरा उलगडतो, चाक फिरायला लागतं आणि फिरता फिरता वेग घेतं. किती ओढीला किती वेग चढतो, ते मोजलं की चाक फिरायला किती जड आहे ते कळतं. पुस्तकात त्याला जडत्व आघूर्ण असं भारी नाव आहे. पण कल्याणच्या त्या चाकाला कुणी हातच लावू द्यायचं नाही. ते काचेच्या कपाटात कुलुपात असायचं, आणि पोरं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवायची. संजीवनीनेही उतरवले. चांगले मार्क पडले. पण पाड्यावरून पहाटेची एसटी पकडून आपण इतक्या लांब आलो ते दुसऱ्याचे आकडे उतरवायला का, हे तिच्या मनाला असं लागलं की अजून गेलं नाही. स्वतःच्या हाताखाली वर्ग आला त्या पहिल्याच दिवशी तिने फळ्यावर लिहून टाकलं की इथे उसनं रीडिंग चालणार नाही.

तर त्या कॉलेजात फिजिक्स दुसऱ्या वर्षापर्यंतच होतं. तिसरं वर्ष हवं तर कल्याण गाठायचं. मुलगे जायचे. मुलींच्या घरचे म्हणायचे, पुरे झालं. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची पारू दुसऱ्या वर्षाला होती. किन्हवलीला मावशीकडे राहून रोज एसटीने यायची, आणि गणितात अशी की संजीवनी कधी कधी मुद्दाम फळ्यावर चूक करून ठेवायची, पारू पकडते का बघायला. पारू पकडायचीच. पण तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं, कल्याण जमायचं नाही, इथे असेल तेवढं शीक. वर्गात अशा आणखी पाच-सहा मुली होत्या.

संजीवनी तीन वर्षं प्राचार्यांच्या मागे लागली होती. शेवटी विद्यापीठाने मनावर घेतलं आणि कळवलं की तज्ज्ञांची समिती येऊन प्रयोगशाळा बघेल, प्रयोग चालू स्थितीत असतील तर तिसरं वर्ष मंजूर. सगळं होतं, फक्त फ्लायव्हील नव्हतं. म्हणजे होतं, पण खोल्या बदलताना ते जिन्यावरून पडलं होतं आणि त्याचा दांडा वाकला होता. चाक फिरवलं की म्हशीसारखं मान हलवायचं. नवीन मागवायचं तर मंजुरी येईपर्यंत समिती येऊन गेली असती.

संजीवनीने भावाला फोन लावला. मनोज तिचा धाकटा भाऊ, मुरबाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. अभ्यासात त्याचं कधी जमलं नाही, पण लोखंड हातात आलं की माणूस बदलतो. मालकाला विचारून त्याने भंगारातला एक जाड पोलादी तुकडा घेतला आणि सुटी झाल्यावर लेथवर लावून त्यातून चाक काढलं. वीतभरापेक्षा मोठं, आठेक किलोचं, आरशासारखं गुळगुळीत. मधून दोन सेंटिमीटर जाडीचा दांडा, दोन्ही बाजूंना बेअरिंग. कॉलेजच्या भिंतीला उंचावर लोखंडी कंस ठोकून त्याने ते स्वतः बसवून दिलं, एका बोटाने ढकललं आणि हात बांधून उभा राहिला. चाक फिरतच राहिलं. प्रयोगशाळेत काम करणारे रघूमामा चहा घेऊन आले, चहा पिऊन झाला, तरी चाक आपलं फिरतंच. मनोज मिशीत हसत होता. बहिणीच्या कॉलेजात आपल्या हाताचं काम भिंतीवर चढलं, याचा त्याला किती आनंद झाला ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आता दोरी. चाक घरच्या माणसाने केलं, म्हणजे बाईजाच्या हिशेबाने ते घरचंच. मनोजने घरी सांगितलं मात्र, म्हातारीने त्याच दुपारी वाख काढला. एरवीच्या दाव्यापेक्षा बारीक, पण पीळ असा घट्ट आणि एकसारखा की टोकापासून टोकापर्यंत कुठे गाठ नाही की फुगवटा नाही. दोन वावांची, म्हणजे दोन माणसांनी हात पसरावे एवढी लांब दोरी गुंडाळून मनोजच्या डब्याच्या पिशवीत घालून दिली. सोबत निरोप होता, पहिली हीच लावा.

संजीवनी क्षणभर घुटमळली. अशा प्रयोगाला बारीक दोरा वापरतात, हे तिला ठाऊक होतं. पण एसटी स्टँडवरची ती ट्रंक तिला आठवली, आणि तिने तीच दोरी लावली. वेटोळ्याला वेटोळं चिकटून, एकावर एक न चढवता, पोरं भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तशी पारूने ती दांड्यावर गुंडाळली. खाली अर्ध्या किलोचं वजन टांगलं. वजन मीटरभर खाली जायला किती वेळ लागतो ते मोजायचं, त्यावरून चाकाला वेग किती चढला ते काढायचं, आणि उत्तर काढायचं.

उत्तर आलं ते चुकलं.

चुकलं हे कळायला सोपं होतं. चाक गोल, भरीव आणि सगळीकडे सारखं. असं चाक फिरायला किती जड, ते त्याच्या वजनावरून आणि आकारावरून आधीच काढता येतं. मनोजने कारखान्याच्या काट्यावर वजन करून दिलं होतं, त्रिज्या मोजलेली होती. त्या हिशेबाने जे यायला हवं, त्याच्यापेक्षा प्रयोगाचं उत्तर जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी. एखादा टक्का कमी असता तर कुणी बघितलंही नसतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पारूने केलं, रघूमामांनी घड्याळ धरलं, संजीवनीने स्वतः सगळं केलं, तरी उत्तर जागचं हलेना. समिती यायला पंधरवडा राहिला होता.

मग जो तो बोलायला लागला. फिजिक्सचेच दुसरे सर म्हणाले, घरगुती चाक आहे, बेअरिंग अडत असेल. प्राचार्य चांगले गृहस्थ, पण घाबरट. ते म्हणाले, अहो मॅडम, बरोबर उत्तर आपल्याला माहीत आहे ना, मग मुलींना तेच लिहायला सांगा, समिती काय चाक उतरवून बघणार आहे? संजीवनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती फक्त एवढंच म्हणाली, की सर, चाक भिंतीवर लावलंय ते खरं रीडिंग घ्यायला, नाहीतर कपाटातलं काय वाईट होतं?

आणि मनोज! बेअरिंग अडतं असं कुणीतरी बोललं हे त्याच्या कानावर गेलं. तो डबा न खाता आला आणि चाकासमोर उभा राहून म्हणाला, ताई, माझं बेअरिंग अडत नाय.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर संजीवनी एकटीच चाकासमोर स्टूल घेऊन बसली. भावावर आलेला आळ होता, म्हणून तिने आधी तोच तपासला. रिकाम्या दोरीला बारीक वायसर, म्हणजे नटाखाली घालायच्या चकत्या, एकेक करून अडकवले आणि चाकाला बोटाने हलका धक्का दिला. किती वायसर लावले की चाक धड वेग घेत नाही, धड थांबत नाही, एकाच गतीने फिरत राहतं, ते बघितलं. तेवढ्या वायसरांची ओढ म्हणजे बेअरिंगचं घर्षण. जेमतेम दोन वायसर लागले. अर्ध्या किलोपुढे ते काहीच नव्हे.

तरीही समजा, अडतंय. अडलं असतं तर काय झालं असतं? तिने स्वतःलाच विचारलं, आणि ताडकन उठून उभी राहिली. चाक अडलं तर हळू फिरेल. हळू फिरलं तर वजन उशिरा खाली येईल. आणि त्यावरून उत्तर काढलं तर चाक आहे त्यापेक्षा जास्त जड वाटेल. इथे तर उलटं होतं. वजन हिशेबापेक्षा लवकर खाली येत होतं! पंधरा सेकंद लागायला हवे तिथे तेरासुद्धा लागत नव्हते. घर्षण चाकाला मागे ओढतं, पुढे ढकलत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि फिजिक्सची पदवी घेतलेली आपण सगळी माणसं आठवडाभर बेअरिंगला शिव्या देत बसलो, म्हणून तिने कपाळाला हात लावला.

मनोजला तिने लगेच फोन केला. तुझं बेअरिंग सुटलं, म्हणाली. तो म्हणाला, मी सांगत होतोच. मग जरा थांबून म्हणाला, मग राहिली ती आयेची दोरी.

खरंच, राहिली होती ती दोरीच. रविवारी ती पाड्यावर गेली, पण आईला काही विचारायची हिंमत होईना. काय विचारणार? तुझ्या दोरीने माझं गणित बिघडवलं म्हणून? बाईजा ओसरीवर बसली होती, पुढ्यात नवा कोयता. त्याची मूठ बारीक होती, म्हणून ती मुठीवर दोरी गुंडाळत होती, वेटोळ्याला वेटोळं चिकटवून. गुंडाळून झाल्यावर तिने कोयता लेकीच्या हातात दिला आणि विचारलं, आता भरते का हातात?

मूठ हातात भरत होती. चांगलीच भरत होती. दोरीशिवाय जी बोटांत वळवळली असती, ती आता पंजाला पुरत होती. संजीवनीने एकदा मुठीकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि चहा न पिता उठली. बाईजा मागून ओरडली, की गो संजे, कोयता कुठे घेऊन चाललीस? तर ही कोयता हातात धरूनच रस्त्यापर्यंत गेली होती. तशीच गेली असती तर कंडक्टरने एसटीत घेतलीच नसती.

सोमवारी प्रयोगशाळा उघडल्या उघडल्या तिने जाडी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर घेतला आणि पारूला हाक मारली. नुसता दांडा मोजला, वीस मिलिमीटर. मग दोरी गुंडाळली, वजन टांगून ताणली आणि दोरीसकट मोजला, अठ्ठावीस. आठवडाभर सगळ्यांनी त्रिज्या धरली होती ती नुसत्या दांड्याची, दहा मिलिमीटर. बारीक दोऱ्याला ते चालतं, कारण दोऱ्याला जाडीच नसते म्हटलं तरी चालेल. पण ही बाईजाची दोरी होती. ती दांड्याला गुंडाळली की दांडाच जाड होत होता, कोयत्याच्या मुठीसारखा. ओढ लागत होती ती दांड्याच्या मध्यापासून जास्त अंतरावर, म्हणून चाकाला पीळ जास्त बसत होता, म्हणून ते लवकर वेग घेत होतं.

पारूने लगेच हिशेबात चौदा टाकायला घेतलं, कारण दोरीसकट अठ्ठावीस, त्याचं निम्मं चौदा. संजीवनीने तिचा हात धरला. ताण दोरीच्या बाहेरच्या कडेने जातो का? आतल्या कडेने जातो का? सगळ्या दोरीतून जातो, मग सरासरीने तो दोरीच्या मधून जातो असं धरायचं. म्हणजे दांड्याची त्रिज्या आणि वर दोरीची निम्मी जाडी. दहा आणि दोन, बारा. पारूचा विश्वास बसेना. मग दोघींनी चाकावर खडूची खूण केली, चाक बरोबर एक फेरा हळूच फिरवलं आणि वजन किती खाली गेलं ते पट्टीने मोजलं. दहाची त्रिज्या खरी असती तर सव्वासहा सेंटिमीटर गेलं असतं. गेलं साडेसात. बाराचाच हिशेब. पारूने स्वतः दोनदा मोजलं आणि मगच मान डोलावली. अशीच पोरगी हवी, असं संजीवनीच्या मनात आलं.

त्रिज्या बारा धरून सगळं पुन्हा मांडलं. या हिशेबात त्रिज्येचा वर्ग येतो, म्हणून दहाच्या जागी बारा धरलं की उत्तर जवळजवळ दीडपटीला जातं. हरवलेला तिसरा हिस्सा सापडला. वजनावरून काढलेलं उत्तर आणि प्रयोगाचं उत्तर, दोन्ही शेजारी शेजारी येऊन बसली, दोन-तीन टक्क्यांचा काय तो फरक.

प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि म्हणाले, आता ती जाड दोरी काढा आणि रीतसर दोरा लावा, समितीपुढे दावं कशाला? बोलणं चुकीचं नव्हतं. पण संजीवनीला ते मान्य होईना. दोरीची चूक नव्हतीच. दोरी आठवडाभर खरं सांगत होती, ऐकणारे आपण बहिरे. दोरी राहू द्या, म्हणाली, जबाबदारी माझी.

समिती आली. दोघे होते. एक कागद बघणारे आणि दुसरे फिजिक्सचे, पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे. त्यांनी सगळे प्रयोग पाहिले, काही विचारलं, काही नाही. फ्लायव्हीलपाशी आले आणि थबकले. चाक कुठल्या कंपनीचं, असं त्यांनी विचारलं. संजीवनी म्हणाली, माझ्या भावाने केलंय. ही दोरी? माझ्या आईने. त्यांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पारूला म्हणाले, करून दाखव.

पारूने करून दाखवलं. घर्षणासाठी वायसर लावले, दोरी गुंडाळली, वजन सोडलं, वेळ घेतला. वजन खाली जात असतं तोवर दोरीवरची ओढ वजनापेक्षा किंचित कमी असते, तेही तिने विसरून न जाता वजा केलं. उत्तर सांगितलं. सरांनी जाडीबद्दल विचारलं, तिने खडूच्या खुणेने एक फेरा फिरवून दाखवला. ते खाली वाकले, पट्टी स्वतः वाचली. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले,

"तुम्ही सांगता तसं असेल, तर दोरी बदलली तरी चाकाचं उत्तर बदलता कामा नये. बारीक काही आहे का इथे?"

हे कॉलेजात कुणी करून पाहिलंच नव्हतं. रघूमामा कपाटाकडे गेले आणि मासे पकडायच्या तंगूसाचं एक रीळ घेऊन आले, कुठल्या तरी प्रयोगासाठी आणून ठेवलेलं. पारूने तंगूस दांड्यावर गुंडाळलं. संजीवनीने पाहिलं, वेटोळी एकाशेजारी एक नीट बसत होती. नव्याने वायसर लावून घर्षण पुन्हा बघितलं. वजन सोडलं.

ते उतरेचना. म्हणजे उतरत होतं, पण मघापेक्षा सावकाश. तेरा सेकंद झाले तरी वजन जमिनीवर टेकलं नव्हतं. प्राचार्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, झालं, दोन दोऱ्या आणि दोन वेगळे वेळ, आता सगळं मुसळ केरात. दाराशी मनोज उभा होता, त्याने कामावरून दोन तासांची सुटी काढली होती, तोही ओठ चावत होता. संजीवनी मात्र वजनाकडे बघत होती आणि मनातल्या मनात हिशेब मांडत होती. बारीक दोरा म्हणजे दांडा बारीक, दांडा बारीक म्हणजे पीळ कमी, पीळ कमी म्हणजे वेग सावकाश चढणार. उशीर व्हायलाच हवा होता. पंधरा सेकंदांवर वजन टेकलं.

पारूने फळ्यावर हिशेब केला. या वेळी त्रिज्या दहाच. खडू थांबला तेव्हा मघाचं उत्तर आणि हे उत्तर यांत फक्त शेवटच्या आकड्याचा फरक होता. चाक तेच, मग त्याचा जडपणाही तोच. कुठल्याही दोरीने ओढा.

पांढऱ्या केसांचे सर फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पारूला विचारलं, पुढच्या वर्षी काय करणार? पारू म्हणाली, "इथे वर्ग झाला तर फिजिक्स. नाय झाला तर घरी."

जाताना सरांनी चाकाला एका बोटाने ढकललं आणि दारातून वळून पाहिलं तर ते फिरतच होतं. मनोज अंग चोरून बाजूला झाला. सरांनी त्याला विचारलं, तुम्हीच का? तो म्हणाला, हो. सरांनी त्याच्याशी हात मिळवला. लेथवरच्या तेलाने काळा पडलेला तो हात मनोजने नंतर कितीतरी वेळ खिशात घातला नाही.

मंजुरी आली ती दोन महिन्यांनी. तिसरं वर्ष, फिजिक्स, त्याच कॉलेजात. पारूचं नाव यादीत पहिलं. तिच्या बापाने डोळखांबहून येऊन भरल्या डोळ्यांनी फॉर्मवर अंगठा नव्हे, सही केली, आणि लेकीकडे बघून म्हणाला, आता रोज एसटीने ये-जा कर, जेवढं शिकायचं तेवढं शीक.

संजीवनी त्या रविवारी पाड्यावर गेली. बाईजाला एकच जाणून घ्यायचं होतं.

"माझी दोरी कामाला आली का?"

"तुझ्या दोरीनेच झालं सगळं, आये. आता सगळ्या पोरी हिशेबात तुझ्या दोरीची निम्मी जाडी धरतात. ती धरल्याशिवाय उत्तर येत नाय."

बाईजाच्या कपाळावर आठ्या पडल्या. "निम्मीच? अख्खी का नाय?"

संजीवनीने तो कोयता मागितला, मुठीवरची दोरी दाखवली, ओढ दोरीच्या मधून जाते हे बोट ठेवून सांगितलं. बाईजाने दोरीवर बोट फिरवलं, विचार केला आणि मान्य केलं. पण तेवढ्यावर थांबेल तर ती बाईजा कसली. शेजारच्या शकूला तिने ओसरीवरूनच हाक मारून सांगितलं, की आमच्या संजीच्या कॉलेजात माझी दोरी मोजल्याबिगर कुणी पास होत नाय. शकूला काय कळलं देव जाणे, पण ती कौतुकाने हसली. संजीवनीने आईला दुरुस्त केलं नाही. तिला स्वतःलाच अभिमान वाटत होता. ज्या दोरीची एकदा एसटी स्टँडवर लाज वाटली, ती आता कॉलेजच्या भिंतीवर होती.

बाईजा आत गेली आणि वाखाची नवी लड घेऊन आली. पहिली दोरी किती दिवस टिकणार, पुढच्या वर्षीच्या पोरींसाठी आताच करून ठेवायला हवी, असं तिचं म्हणणं. मांडीवर वाख टाकला, तळहाताला पाणी लावलं, आणि पीळ देण्याआधी पहिल्यांदाच लेकीला विचारलं,

"सांग, किती जाड करू?"

"तुला पायजे तेवढी कर, आये," संजीवनी म्हणाली. "मोजायचं काम आमचं."